दहातले सात सौदे बरोबर, तरी खातं उतरतंच आहे: नेमकं कुठे गळतंय ते कसं शोधायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी फोन लावतं आणि तक्रार तीच असते. "माझे बहुतेक ट्रेड नफ्यात जातात, पण महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे कमीच." मागच्या वेळी ही तक्रार घरातलीच निघाली. पारोळ्याला माझ्या मावसभावाचं कृषी केंद्र आहे. कापसाची वेचणी सुरू झाली की सकाळी दुकानात चिटपाखरू नसतं, मग काउंटरवर फोन ठेवून तो इंट्राडे करतो, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकतो. दिवाळी ते संक्रांत एवढ्यात त्याने ६० सौदे केले. त्यातले ४२ नफ्यात, १८ तोट्यात. म्हणजे विन रेट ७० टक्के. प्लॅन १ ला १.५ चा: हजार रुपये गेले की बाहेर, हा स्टॉप लॉस; दीड हजार सुटले की बाहेर, हे टार्गेट. त्याच्या हिशोबाने एवढ्यात ४५ हजार तरी सुटायला हवे होते, पण सुरुवातीच्या रकमेतून ३,८२० रुपये कमी झाले होते.

"मंग पैसा कथा गया, दादा?" हा त्याचा प्रश्न.

मी त्याला म्हटलं, आधी हे सांग, प्लॅनमधले आकडे तू कुठून घेतलेस आणि विन रेट कुठून? तो गप्प झाला. सगळी गडबड तिथेच होती. रिस्क-रिवॉर्डचा आकडा वहीच्या पहिल्या पानावरचा होता आणि विन रेट प्रत्यक्ष केलेल्या सौद्यांचा. एकाच शेताचं क्षेत्र मोजताना लांबी या शेताची आणि रुंदी शेजारच्याची घ्यावी तसं हे झालं.

उधारीच्या वहीतला हिशोब

सूत्र सांगण्याआधी मी त्याला त्याच्याच धंद्यातलं विचारलं. फवारणीच्या औषधाचं बिल एक हजाराचं झालं, त्यात तुला शंभर रुपये सुटतात असं धरू, म्हणजे माल नऊशेचा. दहा शेतकऱ्यांना उधारीवर दिलंस. नऊ जणांनी कापूस विकून पैसे आणून दिले, एकाचे बुडाले. किती कमावलंस? त्याने लगेच सांगितलं: नऊ जणांचे नऊशे आले, एकाचा नऊशेचा माल गेला, हातात शून्य. वसुली ९० टक्के आणि कमाई काहीच नाही. दुकानात हे त्याला बोटांवर कळतं, म्हणूनच तो उधारी देताना तोंड बघून देतो. फोनवर मात्र तोच माणूस ७० टक्क्यांवर खूश होता.

सूत्र म्हणजे हेच गणित उलट बाजूने. एका फायद्यात सरासरी किती मिळतं आणि एका तोट्यात सरासरी किती जातं, हे दोन आकडे घ्या. तोट्याच्या आकड्याला दोघांच्या बेरजेने भागा. येतो तो आकडा म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला लागणारा विन रेट. उधारीत ९०० भागिले १,०००, म्हणजे ९० टक्के. फायदा आणि तोटा सारखाच असेल तर ५० टक्के. फायदा तोट्याच्या दुप्पट असेल तर साधारण ३३. फायदा तोट्याच्या निम्माच असेल तर जवळपास ६७. तुमचा विन रेट चांगला की वाईट हे त्याच्याकडे एकट्याकडे बघून कळत नाही. तुमच्या स्वतःच्या सरासऱ्यांवरून निघालेल्या या आकड्याच्या तो वर आहे की खाली, एवढंच बघायचं असतं.

प्लॅनप्रमाणे भावाला ४० टक्के पुरेसे होते. एक हजार भागिले अडीच हजार. त्याचे ७० होते. म्हणजे प्लॅनप्रमाणे काही झालेलंच नव्हतं.

पहिली तपासणी: ॲपवरचा हिरवा आकडा बाजूला ठेवा

बहुतेक ॲपमध्ये पोझिशनच्या पानावर जो नफा-तोटा दिसतो तो खर्च वजा न करता दिसतो. खरा आकडा रोजच्या काँट्रॅक्ट नोटमध्ये आणि लेजरमध्ये असतो. भावाच्या पोझिशनच्या पानांवरच्या साठ सौद्यांची बेरीज केली तर ती अधिक १,१०० आली. त्यामुळे त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण थोडेसे का होईना वर आहोत आणि ब्रोकरनेच काहीतरी घोळ केलाय. घोळ कुणाचाच नव्हता.

त्याचा ठरलेला सौदा असा: पाचशे रुपयांच्या आसपासचा एक बँकेचा शेअर, २०० नग, म्हणजे एक लाखाची खरेदी आणि तेवढीच विक्री. त्याच्या ब्रोकरकडे एका ऑर्डरला २० रुपये किंवा ०.०३ टक्के यातलं जे कमी ते लागतं. लाखावर ०.०३ टक्के म्हणजे ३० होतात, म्हणून दोन ऑर्डरचे ४० रुपये. इंट्राडेमध्ये विक्रीच्या बाजूला एसटीटी हा सरकारी कर ०.०२५ टक्के, म्हणजे २५. एक्सचेंजचा आकार लाखाला सुमारे ३ रुपये, दोन्ही बाजू मिळून ६. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.००३ टक्के, म्हणजे ३. ब्रोकरेज आणि एक्सचेंजच्या आकारावर १८ टक्के जीएसटी, साधारण ८. सेबीचं शुल्क काही पैशांत. एकूण ८२ रुपये. सौदा जिंकला तरी ८२ आणि हरला तरी ८२.

साठ सौद्यांचे ४,९२० झाले. अधिक १,१०० मधून ते वजा केले की उणे ३,८२०, म्हणजे लेजरशी पैशापर्यंत नाही तरी रुपयापर्यंत जुळलं. त्याच्या "पैसा कथा गया" चं अर्धं उत्तर इथेच मिळालं. आपले लोक वडापाव दोन रुपयांनी महागला तर पाच मिनिटं बोलतात, पण रोजच्या काँट्रॅक्ट नोटचा मेल उघडून बघत नाहीत. सेबीने २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तीन आर्थिक वर्षं मिळून ९३ टक्के लोक तोट्यात निघाले आणि २०२३-२४ या एका वर्षात माणशी सरासरी २६ हजार रुपये निव्वळ व्यवहार खर्चात गेले होते. भावाचा प्रकार वेगळा, इंट्राडे शेअर्सचा, पण गळती त्याच जातीची.

हे करायला शीट फार मोठी लागत नाही. ब्रोकरच्या साइटवरून ट्रेडबुक उतरवा आणि एका सौद्याला एक ओळ करा. ठरवलेला स्टॉप, ठरवलेलं टार्गेट, प्रत्यक्ष भाव, खर्च वजा न करता आलेला आकडा, खर्च आणि शेवटी H रकान्यात खर्च वजा करून उरलेला निव्वळ आकडा. मग L रकान्यात वरून खाली हे चार:

```
=COUNTIF(H2:H61,">0")/COUNT(H2:H61)
=AVERAGEIF(H2:H61,">0")
=-AVERAGEIF(H2:H61,"<=0")
=L3/(L2+L3)
```

पहिला तुमचा विन रेट, दुसरा सरासरी निव्वळ फायदा, तिसरा सरासरी निव्वळ तोटा, चौथा लागणारा विन रेट. सगळं निव्वळ आकड्यावर करायचं. कारण ८२ रुपये खर्चाच्या सौद्यात पन्नास रुपये सुटले तर ॲपवर तो हिरवा दिसतो, पण प्रत्यक्षात तो हरलेला सौदा असतो. भावाच्या यादीत असा एकही नव्हता. स्काल्पिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे थोडक्या नफ्यावर झटपट बाहेर पडणाऱ्यांच्या यादीत मात्र असे डझनभर सापडतात आणि त्यांचा विन रेट इथेच एकदम खाली येतो.

भावाची शीट अशी निघाली: विन रेट ७०. सरासरी फायदा ४७८ रुपये. सरासरी तोटा १,३२८. लागणारा विन रेट ७३.५. म्हणजे दीडपट कमवायचं ठरवून निघालेला माणूस तोट्याच्या जेमतेम एक तृतीयांश कमावत होता. प्रत्येक सौद्यामागे सरासरी ६४ रुपये जात होते.

दुसरी तपासणी: तोटा हजाराचा तेराशे कसा झाला

८२ खर्चाचे सोडले तर सरासरी तोटा जवळपास १,२४६ होतो. ठरवलेला स्टॉप हजाराचा. अठरा तोट्यांपैकी चौदा १,०३० च्या आसपास होते. वरचे तीस रुपये स्टॉप लागताना भाव थोडा घसरूनच मिळतो त्याचे. ते गृहीतच धरायचे. उरलेले चार मात्र प्रत्येकी दोन हजारांचे होते.

त्यातला एक मी त्याच्यासमोर चार्टवर उघडला. घेतला ५०० ला, स्टॉप ४९५. भाव ४९५.४० ला आल्यावर भाऊंनी स्टॉपची ऑर्डर काढली. "इथून फिरतोच तो नेहमी," असं त्याचं म्हणणं. ४९२ ला आल्यावर आता विकून काय उपयोग म्हणून थांबला आणि शेवटी ४९० ला सोडला. २०० नग गुणिले दहा, दोन हजार.

इथे बरेच लोक निकाल देऊन मोकळे होतात: स्टॉप हलवू नको, झालं. मलाही आधी तेच वाटलं. चार मोठे तोटे १,०३० वर थांबले असते तर ३,८८० वाचले असते, म्हणजे सगळाच तोटा भरून निघाला असता. पण हा हिशोब अर्धवट आहे. स्टॉप काढल्यामुळे बुडालेले सौदे यादीत ठळक दिसतात. स्टॉप काढल्यामुळे *वाचलेले* सौदे जिंकलेल्यांत लपून बसतात. म्हणून मी त्याला ४२ जिंकलेले सौदेही एकेक करून चार्टवर बघायला लावले: घेतल्यानंतर भाव कधी मूळ स्टॉपच्या खाली जाऊन आला होता का?

तीन सापडले. तिन्हींत भाव स्टॉपच्या खाली गेला, भावाचा जीव खालीवर झाला, मग भाव परत आला आणि दीडशे-दीडशे रुपयांवर तो सुटकेचा निःश्वास टाकत बाहेर पडला. स्टॉप जागेवर असता तर हे तिन्ही १,०३० चे तोटे झाले असते. एकेका सौद्यात १,१८० चा फरक, तिघांचा ३,५४०.

म्हणजे स्टॉप काटेकोर पाळला असता तर एकीकडे ३,८८० वाचले असते आणि दुसरीकडे ३,५४० गेले असते. निव्वळ सुधारणा ३४० रुपयांची. विन रेट मात्र ७० वरून ६५ ला आला असता. त्याचा ७० मधला काही भाग हा निवडीचा नव्हता, स्टॉप काढण्यातून तयार झालेला होता. उशिरा तोटा घेतला की विन रेट आपोआप फुगतो. स्टॉप अजिबातच न लावणाऱ्यांचा विन रेट सगळ्यांत सुंदर असतो, एका वाईट दिवसापर्यंत. ऑप्शन विकणाऱ्यांचंही असंच. महिनाभर रोज थोडं थोडं प्रीमियम खिशात येतं आणि मग ऑप्शनची मुदत संपण्याच्या एका गुरुवारी किंवा मंगळवारी सगळं परत जातं.

स्टॉप जागेवरच ठेवायचा हे मी तरीही सांगितलं. कारण ते चार दोन हजारांवर थांबले ते नशीब, तोट्याला तिथे कुठली भिंत नव्हती. पण भावाचं मूळ दुखणं तिथे नव्हतं, हे आकड्यांनी स्पष्ट केलं.

तिसरी तपासणी: फायदा दीड हजाराचा साडेपाचशे का झाला

खर्च वजा न करता त्याचा सरासरी फायदा ५६० रुपये होता. शीटमध्ये मी एक रकाना आणखी करायला लावला, "का बाहेर पडलो". ४२ पैकी टार्गेट लागून बाहेर पडलेला सौदा एकही नव्हता. सगळीकडे थोड्या फरकाने तेच: परत येईल असं वाटलं, खाली यायला लागला, गिऱ्हाईक आलं. एक सौदा मला पाठ झालाय. ५०० ला घेतला, टार्गेट ५०७.५०. भाव ५०३ पर्यंत गेला, दोन लाल कॅन्डल आल्या, ५०२.८० ला विकला. ५६० रुपये. दुपारी दोनच्या सुमारास तोच शेअर ५०८ ला होता.

आता इथे दुसरा सोपा निकाल समोर येतो: टार्गेटपर्यंत थांब, दीड हजार मिळव, ७० टक्के गुणिले दीड हजार... थांबा. टार्गेट बदललं की विन रेट तसाच राहत नाही. हे दोन आकडे एकाच दोरीची दोन टोकं आहेत. टार्गेट लांब नेलं की वाटेत परत फिरून स्टॉपला लागणारे सौदे वाढतात. जवळ आणलं की विन रेट वाढतो आणि मिळणारी रक्कम घटते. ५६० वर बाहेर पडून मिळवलेला ७० चा विन रेट दीड हजाराच्या टार्गेटला चिकटवता येत नाही. भावाने नेमकं तेच केलं होतं, म्हणून त्याच्या वहीत ४५ हजारांचा आकडा दिसत होता.

मग खरं काय झालं असतं ते बघायचा एकच मार्ग: एकेक सौदा पाच मिनिटांच्या चार्टवर परत चालवायचा. घेतल्याच्या वेळेपासून पुढे जायचं आणि आधी काय लागलं ते लिहायचं, ५०७.५० की ४९५, की दोन्ही न लागता दिवस संपला. दिवसाच्या शेवटी म्हणजे ब्रोकर स्वतःहून इंट्राडे काटतो त्याच्या आधी, भाऊ ३.१० ला बाहेर पडतो ती वेळ धरली. एकाच कॅन्डलमध्ये दोन्ही भाव येऊन गेले असतील तर स्टॉप आधी लागला असं धरायचं, स्वतःला सूट द्यायची नाही. ३९ सौद्यांना (ते तीन वगळून) दुकान सांभाळत त्याला दोन दुपारी लागल्या.

३९ पैकी २२ टार्गेटला पोचले. ९ परत फिरून स्टॉपला लागले, म्हणजे जिंकलेले सौदे हरले असते. ८ कुठेच न लागता दिवसअखेर सरासरी ३५० रुपयांवर बंद झाले असते. २२ चे ३३,००० अधिक ८ चे २,८०० मिळून ३५,८००. तोट्याच्या बाजूला हे ९ आणि आधीचे २१ (मूळ अठरा आणि स्टॉप काढून वाचलेले तीन), एकूण ३० गुणिले १,०३०, म्हणजे ३०,९००. फरक अधिक ४,९००.

आणि साठ सौद्यांचा खर्च ४,९२०.

उत्तर उणे वीस रुपये. विन रेट ५०, खर्च धरून सरासरी फायदा १,१११, सरासरी तोटा १,११२, लागणारा विन रेट ५०. त्याच्या सगळ्या घाबरटपणावर इलाज केला, स्टॉप पाळला, टार्गेटपर्यंत थांबला, तरी तो बरोबर जिथून निघाला तिथे येऊन पोचला असता. तोटा थांबला असता. नफा सुरू झाला नसता.

हे ऐकून त्याचा चेहरा पडला. पण माझ्या मते साऱ्या तपासणीत कामाचा निष्कर्ष हाच. आपण वागणुकीची चूक शोधत होतो. ती सापडली आणि तिची किंमतही कळली: ३,८०० रुपये. त्याच्या पलीकडे, भाव वर जाईल हे ओळखायची त्याची जी पद्धत आहे तिच्यात खर्च भागेल एवढाच दम आहे, निदान या साठ सौद्यांत तरी. शिस्त आणली म्हणून हलक्या जमिनीत ऊस येत नाही.

पाच-सहा लागोपाठ तोटे हा बिघाड नव्हे

त्याने विचारलं, मग मी लवकर बाहेर का पडत होतो, मला कळत नव्हतं का? कळत होतं, पण सोसत नव्हतं. विन रेट ५० असेल तर साठ सौद्यांत कुठेतरी लागोपाठ पाच किंवा सहा तोटे येणं हे सर्वसाधारण आहे, नाणं साठ वेळा उडवून बघा. प्रत्येकी १,१०० धरले तर पाच-सहा सौद्यांत साडेपाच-साडेसहा हजार जातात. लवकर बाहेर पडण्यातून तो पैसा नाही, झोप विकत घेत होता. ७० चा विन रेट असला की लागोपाठ तोटे क्वचित येतात, दुकानात कुणासमोर तोंड पाडून बसावं लागत नाही. याची किंमत वर निघालीच.

उलट बाजूनेही जपून राहायला हवं. साठ सौदे म्हणजे फार नाहीत. खरा विन रेट ७० असला तरी साठमध्ये तो ५८ ते ८२ पर्यंत कुठेही दिसू शकतो. त्यामुळे "माझे ७०, लागतात ७३.५, फक्त साडेतीन कमी" असं बारीक कातून निष्कर्ष काढू नका. सरासरी फायदा आणि सरासरी तोटा यांच्यातली दरी मात्र एवढी मोठी होती की ती योगायोगात बसत नाही, ती त्याच्या हातानेच तयार केलेली होती. साठ सौद्यांवरून विश्वास ठेवायचा तो एवढ्यावरच.

या टप्प्यावर लोक शीटमध्ये खणायला लागतात. मंगळवारचे सौदे काढले तर? साडेअकरानंतरचे काढले तर? भावालाही सापडलं की दिवसातला तिसरा आणि पुढचा सौदा वगळला तर आकडा चांगला होतो. होईलच. साठ ओळींत पुरेसे निकष लावले की कुठला तरी नक्की चांगला दिसतो. तिसरा सौदा सोडण्यामागे निदान कारण तरी आहे, तो सहसा आधीचे दोन भरून काढायला घेतलेला असतो. म्हणून तेवढा एक नियम पुढे *तपासायचा* म्हणून घेतला. सापडलेलं सत्य म्हणून नाही.

आता तो काय करतोय

नग २०० वरून २० केले. शंभर रुपयांचा स्टॉप, दीडशेचं टार्गेट, दिवसाला दोनच सौदे, स्टॉप आणि टार्गेटच्या दोन्ही ऑर्डर घेतल्या घेतल्या लावायच्या आणि फोन ड्रॉवरमध्ये. त्याच्या ॲपमध्ये एक लागली की दुसरी आपोआप रद्द होते. तुमच्या ॲपमध्ये तशी सोय नसेल तर दोन स्वतंत्र ऑर्डर लावून फोन आत टाकू नका. टार्गेट लागल्यावर स्टॉपची ऑर्डर तशीच राहिली आणि नंतर भाव खाली आला, तर हातात नसलेले शेअर विकले जातात आणि उलटा सौदा उघडा पडतो. हे माझ्या बाबतीत एकदा झालंय, जळगावला दवाखान्याच्या रांगेत बसलेलो असताना.

लहान नगावर खर्च थोडा जास्त चावतो, हे आधीच धरून ठेवा. दहा हजारांच्या सौद्यावर ब्रोकरेज २० ऐवजी ०.०३ टक्क्याने ३ रुपयेच लागतं, तरी सगळा खर्च १०.६० च्या आसपास जातो. शंभरच्या जोखमीवर तो साडेदहा टक्के, पूर्वी हजारावर सव्वाआठ होता. म्हणून चाचणीच्या काळात शीट दोनदा वाचायची: एकदा खऱ्या खर्चाने, एकदा २०० नगांच्या खर्चाच्या प्रमाणात.

आत्तापर्यंत ३१ सौदे झालेत. १५ जिंकले, १६ हरले. सरासरी निव्वळ फायदा ११२, तोटा ११४, लागणारा विन रेट ५०.४, त्याचा ४८.४. एकूण गेले १४४ रुपये. स्टॉप एकदाही हलवलेला नाही. मध्ये एकदा लागोपाठ पाच हरले तेव्हा रात्री फोन आला होता, पण क्वांटिटी वाढवून भरून काढू का असं विचारायला नव्हता. एका कॅन्डलमध्ये स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आलेत, काय लिहू, एवढंच त्याला हवं होतं. अजून ६९ व्हायचे आहेत. शंभर होईपर्यंत नग वीसच.